रांग भरली कधी, रिकामी कधी?

डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: पुढील क्रिया क्रमाने करा आणि शेवटी क्यूमध्ये काय उरते ते लिहा. विद्यार्थी कागदावर चौकोन काढतो, आकडे भरतो, खोडतो आणि उत्तर देतो. हाताने ट्रेस करण्याचा हा प्रकार अभ्यासक्रमात राहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण ज्या रूपात तो बहुतेकदा विचारला जातो, त्यात विद्यार्थ्याचे ज्ञान मोजले जात नाही.

वर्तुळाकार क्यूचे उदाहरण घेऊ. पाच घरांचा ॲरे `A[0]` ते `A[4]`. सुरुवातीला `front` आणि `rear` दोन्ही 0. घालताना `rear` एक घर पुढे सरकवून तिथे मूल्य ठेवायचे, काढताना `front` पुढे सरकवून तिथले मूल्य द्यायचे. शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिले घर. नियम असे:

```
empty: front == rear
full:  (rear + 1) % 5 == front
```

आता 10, 20, 30, 40 घाला. ती `A[1]` ते `A[4]` मध्ये बसतात आणि `rear` 4 होतो. दोन मूल्ये काढा: 10 आणि 20 बाहेर येतात, `front` 2 होतो. मग 50 आणि 60 घाला. 50 जाते `A[0]` मध्ये, 60 `A[1]` मध्ये, आणि `rear` 1 वर थांबतो.

शेवटी काय उरले? 30, 40, 50, 60. हे उत्तर अचूक आहे, आणि ते ॲरे म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूसही देईल. तिकीट खिडकीपुढच्या रांगेतून पुढचे दोघे गेले आणि मागे दोघे आले, एवढे समजले की झाले. म्हणजे पूर्ण गुण मिळाले तरी `rear` चार वरून शून्यावर का आला, हे त्या विद्यार्थ्याला कळले आहे की नाही, हे परीक्षकाला कळतच नाही.

प्रश्न थोडा बदला. `A[2]` मध्ये आत्ता काय आहे? बरेच विद्यार्थी ते घर कोरे दाखवतात, कारण 20 तर काढून टाकले. पण काढण्याच्या क्रियेत कोणीही ते पुसलेले नाही, फक्त `front` पुढे गेला. 20 अजून तिथेच आहे, फक्त क्यूच्या हिशोबात नाही.

आणि आता 70 घालायला सांगा. घरे पाच, माणसे चार, म्हणजे एक बसायला हवा. पण `(1 + 1) % 5` म्हणजे 2, आणि `front` ही 2. क्यू भरली आहे. ही तपासणी नसती तर? 70 `A[2]` मध्ये गेले असते, `rear` 2 झाला असता, आणि `front == rear` असल्याने पाच मूल्ये आत असलेली क्यू स्वतःला रिकामी म्हणाली असती. एक घर मोकळे का सोडतात, हे विद्यार्थ्याला इथे दिसते. `front` आणि `rear` मधले अंतर 0 ते 4 एवढ्या पाचच प्रकारचे असू शकते, पण पाच घरांतली संख्या 0 ते 5 अशी सहा प्रकारची. पाच खुणांनी सहा स्थिती सांगता येत नाहीत. पाचही घरे वापरायची असतील, तर मोजणीसाठी वेगळे चल किंवा रिकाम्या क्यूसाठी वेगळी खूण ठेवावी लागते.

डीबगर हे सगळे दाखवतो, मग हाताने कशाला, असे विचारले जाते. डीबगर काय झाले ते दाखवतो. कागदावर पुढे काय होईल ते आधी ठरवावे लागते, आणि चूक नेमकी कोणत्या ओळीवर झाली हे लिहिलेले राहते. लिंक्ड लिस्टमध्येही तेच. मध्ये नवीन नोड घालताना आधीच्या नोडचा पॉइंटर अगोदर बदलला, आणि पुढच्या नोडचा पत्ता कुठे जपलेला नसला, तर उरलेल्या यादीपर्यंत पोचण्याची वाट तुटते. बाण एकेक करून काढणाऱ्यालाच ती तुटलेली दिसते.

दुसरी अडचण संकेतांची. काही पुस्तके `front` आणि `rear` -1 पासून सुरू करतात आणि सर्व घरे भरू देतात. दोन्ही पद्धती बरोबर, पण उत्तरे वेगळी. 2012 च्या गेट परीक्षेत n घरांच्या ॲरेवरचा असाच प्रश्न होता. त्यात क्षमता n−1 आहे आणि दोन्ही चले सुरुवातीला 0 आहेत, हे स्पष्ट दिले होते. तो प्रामाणिक प्रश्न. हे न सांगता विचारलेला प्रश्न विद्यार्थ्याच्या समजेची नव्हे, त्याने कोणते पुस्तक वाचले याची परीक्षा घेतो.

म्हणून पेपर काढणाऱ्यांना माझी विनंती आहे: सुरुवातीचा संकेत लिहा, प्रत्येक क्रियेनंतर `front`, `rear` आणि पूर्ण ॲरे मागा, आणि क्यू भरेपर्यंत क्रिया चालू ठेवा. आणि तपासताना, तिसऱ्या पायरीवर चुकलेल्याच्या पुढच्या पायऱ्या त्याच्या चुकलेल्या स्थितीवरून बरोबर निघत असतील, तर त्यांचे गुण कापू नका.