मगरिबनंतरचा नियम आणि आजोबांचा लाड

अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे नातवंडांवरील प्रेम आपण सर्व जण जाणतो. सजद्यात असताना नातू पाठीवर चढून बसला, तेव्हा तो उतरेपर्यंत त्यांनी सजदा लांबवला. आजोबांच्या लाडाला दीनमध्ये स्थान आहे, हे यावरून स्पष्ट होते. परंतु नातवाविषयीच सहीह बुखारीत आणखी एक प्रसंग आहे. हजरत हसन (रजि.) लहान होते. सदक्याच्या खजुरांपैकी एक खजूर त्यांनी उचलून तोंडात घातला. प्रेषितांनी (स.) लहान मुलाला समजेल असा आवाज काढून तो थुंकायला लावला आणि आपल्या घराण्यात सदका खाल्ला जात नाही, हे कारणही सांगितले. एका खजुराने काय होते, असे आजोबा म्हणाले नाहीत. घराचा नियम आजोबांनीच राखला. आपल्याकडे नेमके याच जागी पाऊल घसरते.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मळ्यावरचे एक घर डोळ्यांसमोर आणू या. वडील चाकणच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, आई मंचरला नोकरी करते आणि सात वर्षांचा मुलगा दिवसभर आजी-आजोबांपाशी असतो. आईवडिलांनी एक नियम केला आहे. अंधार पडू लागला की मुलाने घराबाहेर जायचे नाही. आजोबा मगरिबसाठी वस्तीवरच्या मशिदीकडे निघाले की नातू मागे धावतो. आजोबा त्याला नेतात, परतताना वाटेतल्या दुकानातून खाऊ घेऊन देतात, आणि नमाज झाल्यावर गप्पा रंगल्या तर तो मुलगा उसाच्या कडेच्या पायवाटेने एकटाच पुढे पळतो. घरी आल्यावर आजोबा त्याच्या कानात सांगतात, अम्मीला सांगू नकोस.

या भागात हा नियम केवळ आईच्या भित्रेपणातून आलेला नाही. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, आणि येथील बिबट्या आता डोंगरात नव्हे तर उसात राहतो. ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभा असतो. त्यात आडोसा मिळतो, जवळच पाणी असते, वस्तीवर कुत्री व शेळ्या असतात. मादी तेथेच पिल्ले घालते. संध्याकाळी तो बाहेर पडतो, आणि एकटे किंवा खाली वाकलेले लहान मूल त्याला सहज भक्ष्य वाटू शकते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे मुलांचे प्राण गेले आणि संतप्त लोकांनी मंचर येथे पुणे-नाशिक रस्ता अडवला, हे आपल्या स्मरणात आहे. रात्र पडू लागली की मुलांना आवरून घरात घ्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेथे कारण सैतानांच्या संचाराचे सांगितले आहे, बिबट्याचे नाही. तरीही तिन्हीसांजेला मुलांना घरात घेणारी ती आई सुन्नतीच्याच वाटेवर आहे.

आजोबा म्हणतात, “माझा जन्म या रानात गेला, मला कधी काही झाले नाही.” ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या बालपणी हे शिवार बहुतांशी कोरडवाहू होते. डिंभे धरणाचे व कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, कालवे वाहू लागले, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. माणूस तोच आहे, रान मात्र तेच राहिले नाही. म्हणून त्यांना अडाणी ठरवणे जसे अपमानकारक आहे, तसे चुकीचेही आहे.

मग मुलाने आपल्या वडिलांशी कसे बोलावे? सूरह मरयममध्ये हजरत इब्राहीम (अलै.) आपल्या पित्याशी बोलतात, तो प्रसंग शांतपणे वाचावा. तेथे विषय शिर्कचा, म्हणजे सर्वांत गंभीर होता. तरीही प्रत्येक वेळी आरंभ ‘हे माझ्या पित्या’ या प्रेमळ हाकेने होतो, असा चार वेळा. प्रथम ते प्रश्न विचारतात. नंतर, तुमच्यापर्यंत न आलेले ज्ञान माझ्यापर्यंत आले आहे, असे म्हणतात. तुम्हाला काही कळत नाही, असे म्हणत नाहीत. शेवटी आपल्या मनातली भीती सांगतात, आणि ती भीती पित्याच्याच काळजीची असते. पित्याने धमकावले, तेव्हा उत्तर सलामने दिले. आपला विषय त्यामानाने किती लहान, म्हणून आपला आवाजही तितकाच हळू असला पाहिजे.

हे बोलणे सुनेने करू नये. ज्याचे वडील त्याने करावे. आजी-आजोबा आईकडचे असतील, तर मुलीने करावे. नातू समोर नसावा, जेवणाचे ताट समोर नसावे. इशानंतर जवळ बसून म्हणावे, “अब्बा, तुम्ही त्याला मशिदीची गोडी लावलीत, हे आमच्याकडून झाले नसते. परतताना तो तुमच्या हाताशी असतो का?” मग थांबावे आणि ऐकावे. आजोबांना बहुधा नातवाची सोबत हवी असते, नियम मोडण्याची हौस नसते. त्यानंतर म्हणावे, “हल्ली उसात काय चालले आहे, हे वन विभागाचे लोक गावोगाव सांगत आहेत. मला फार भीती वाटते. तुम्हीच ठरवा, याला कसे न्यायचे?” यातून मार्ग निघतो. मगरिबला न्यायचे असेल तर विजेरी व काठी घेऊन, चारचौघांच्या सोबतीने न्यावे, मुलाचा हात आजोबांच्या हातातून सुटू नये, आणि नमाज होताच परत निघावे. एरवी घरातच आजोबांनी इमामत करावी व नातवाने मागे उभे राहावे. नियमाचा पहारेकरी आता आजोबाच होतात.

‘अम्मीला सांगू नकोस’ हे वाक्य मला बिबट्याइतकेच चिंताजनक वाटते. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे की एका आईने आपल्या मुलाला काहीतरी देण्याचे सांगून जवळ बोलावले. प्रेषितांनी (स.) विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. काही दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते, असा त्यांनी इशारा दिला. मुलाशी बोललेला शब्दही हिशेबात आहे. आईपासून लपवायला शिकलेले मूल उद्या कोणी परक्याने त्रास दिला, तरी तेही लपवील. आई आत येताच मूल गप्प होते, किंवा एकाने नाही म्हटलेली गोष्ट दुसऱ्याकडे जाऊन मागते, तेव्हा ही सवय लागली आहे असे समजावे. आजीला एवढेच विनवावे की खाऊ द्या, पण उघडपणे द्या.

आईवडिलांनीही हात आखडता घ्यावा. दिवसाचे दहा तास मूल वृद्धांच्या स्वाधीन करायचे आणि चहात बिस्किटे किती बुडवायची याचाही हुकूम सोडायचा, हे न्यायाचे नाही. जीव, दीन आणि सत्य यांच्याशी निगडित दोन-तीन नियम पक्के ठेवावेत, बाकी आजी-आजोबांच्या मर्जीवर सोडावे. आणि नाराजीपोटी नातवाला त्यांच्यापासून तोडू नये. ते नाते तोडण्याचेच एक रूप आहे.

एवढे करूनही आजोबा ऐकत नसतील, तर त्यांच्या बहिणीने किंवा त्यांच्याच वयाच्या नमाजी मित्राने बोलावे. तोवर त्या वेळी आईवडिलांपैकी एकाने घरी राहण्याची सोय करावी, मूल आत घ्यावे, पण वाद घालू नये. सूरह लुकमानमध्ये माता-पित्यांचे एखादे म्हणणे मानता येत नसतानाही त्यांच्याशी भलेपणाने राहण्याची आज्ञा आहे. त्या रात्रीही त्यांची औषधे, त्यांचे गरम पाणी वेळेवर मिळालेच पाहिजे.

ऊसतोड सुरू झाली की आजोबा बहुधा म्हणतील, आता रान मोकळे झाले, आता सोडा त्याला. तेव्हा घाई करू नये. फड तुटला की त्यातली मादी व पिल्ले शेजारच्या उभ्या उसाकडे आणि वस्तीकडे सरकतात, म्हणून ते आठवडे अधिक जपण्याचे असतात.