विकलेल्या इमारतीत भाडेकरू : विक्री की व्याजाचे कर्ज?

व्यापारउदिमात असलेल्या आपल्या बांधवांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. स्वतःच्या मालकीची कारखान्याची किंवा कार्यालयाची इमारत एखाद्या गुंतवणूकदाराला विकायची, संपूर्ण किंमत रोख घ्यायची आणि त्याच दिवसापासून त्याच इमारतीत भाडेकरू म्हणून काम सुरू ठेवायचे, अशा व्यवहाराला शरीअतची परवानगी आहे काय? वरवर पाहता यात व्याजाचा उल्लेखही नाही. एक विक्रीखत आहे आणि एक भाडेकरार आहे. विक्रीही हलाल आणि भाडेही हलाल. मग शंकेला जागा कोठे? ती जागा शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कंपन्या हा मार्ग का पत्करतात ते पाहू. समजा, एका उद्योजकाची इमारत 10 कोटी रुपयांची आहे आणि त्याला नवी यंत्रे घ्यायची आहेत. इमारत गहाण ठेवून बँकेकडे गेला तर पूर्ण किमतीइतकी रक्कम मिळत नाही. काही हिस्सा मिळतो, त्यावर व्याज लागते आणि वर्षानुवर्षे हप्ते मानेवर बसतात. तीच इमारत विकली तर 10 कोटी हाती येतात, व्याजी कर्ज टळते आणि कामाची जागाही बदलत नाही. कामगारांचे येणेजाणे, ग्राहकांना ठाऊक असलेला पत्ता, बसवलेली यंत्रे, सारे जागच्या जागी राहते. भिंतींत अडकलेले भांडवल मोकळे होते. त्याच्या मोबदल्यात उद्योजक वर्षाला, समजा, 80 लाख रुपये भाडे देतो. आपला धंदा भांडवलावर याहून अधिक कमावतो असा ज्याचा हिशेब आहे, त्याला हा सौदा परवडतो. घेणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून भाडेकरू मिळतो.

यात गमावण्यासारखेही आहे. दहा वर्षांत 8 कोटी भाडे गेले आणि इमारत आपली राहिली नाही. तिची किंमत 18 कोटी झाली तर वाढ नव्या मालकाची. मुदत संपल्यावर त्याने भाडे वाढवले किंवा जागा सोडायला सांगितले तर तो त्याचा हक्क. विक्रीवर मुद्रांक शुल्क आणि भांडवली नफ्यावरील कर यांचा खर्च येतो तो निराळाच. तरीही हा तोटा प्रामाणिक आहे, कारण मालकी सोडणाऱ्याने मालकीचे फायदे सोडलेच पाहिजेत.

आता याच व्यवहारात एक कलम वाढवू. दहा वर्षांनी उद्योजकाने इमारत त्याच 10 कोटींना परत घ्यावी आणि गुंतवणूकदाराने ती द्यावी, असे दोघांनी आधीच ठरवले. कागदावर पूर्वीइतकीच विक्री आहे आणि पूर्वीइतकेच भाडे आहे. परंतु हिशेबातून इमारत क्षणभर बाजूला काढून पाहा. उद्योजकाने 10 कोटी घेतले, दर वर्षी 80 लाख दिले आणि शेवटी 10 कोटी परत केले. इमारत वधारली किंवा घसरली, तरी गुंतवणूकदाराच्या पदरात पडणाऱ्या रकमेत एका रुपयाचा फरक पडत नाही. हे दहा वर्षांच्या मुदतीचे, दर साल दर शेकडा 8 दराचे कर्ज झाले. इमारत त्यात केवळ तारण आहे आणि भाडे हे व्याजाचे दुसरे नाव आहे.

सूरह बकराच्या 275व्या आयतीत अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरवताना ज्यांचा आक्षेप नोंदवला आहे, त्यांचे म्हणणे हेच होते की दोन्हींत फरक तो काय? पैशांच्या हिशेबापुरते पाहिले तर फरक खरोखर दिसत नाही. तो जोखमीत दिसतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीतून फकीहांनी जो नियम घेतला आहे, त्याचा आशय असा की वस्तूचे उत्पन्न घेण्याचा हक्क तिच्या नुकसानीची जबाबदारी वाहणाऱ्याचा आहे. जो इमारतीच्या नाशाचा आणि घसरणीचा धनी आहे, त्याचे भाडे हलाल आहे. ज्याने सारी जोखीम दुसऱ्यावर ठेवली आणि उत्पन्न तेवढे आपल्याकडे घेतले, तो मालक नसून सावकार आहे.

विकणाऱ्याने विकलेल्या वस्तूचा उपयोग काही काळ करत राहणे, ही गोष्ट मुळात निषिद्ध नाही. हजरत जाबिर (रजि.) यांचा उंट प्रेषितांनी (स.) प्रवासात विकत घेतला आणि मदीनेपर्यंत जाबिर (रजि.) त्याच उंटावर बसून आले, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. या हदीसच्या आधारे हंबली फकीहांनी, विक्रेत्याने ठरावीक मुदतीपर्यंत उपयोगाची अट घालण्यास मान्यता दिली आहे. आपल्याकडे बहुसंख्य लोक हनफी आणि कोकणातील बरेचसे शाफिई आहेत. या दोन्ही पंथांत विक्रीला अशी अट जोडणे मान्य नाही. म्हणून आपल्या वाचकांसाठी सावधगिरीचा मार्ग हा की विक्री आधी विनाअट पूर्ण व्हावी आणि भाडेकरार तिच्यानंतर, स्वतंत्रपणे व्हावा.

हा प्रश्न आजचा आहे असेही कोणी समजू नये. हनफी फकीहांपुढे तो अनेक शतकांपूर्वी ‘बै-बिल्-वफा’ या नावाने आला. पैशाची गरज असलेला माणूस घर विकत असे आणि रक्कम परत करताच घर परत मिळावे अशी अट घालत असे. उस्मानी सल्तनतीच्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेत, जी 1869 ते 1876 या काळात तयार झाली, 118वे कलम या व्यवहाराबद्दल आहे. लगेच पुढच्या 119व्या कलमात ‘बै-बिल्-इस्तिगलाल’ म्हणजे अशी वफाची विक्री करून विक्रेत्यानेच ती मालमत्ता भाड्याने घेणे, याची व्याख्या आहे. आजचा विक्री-भाडे व्यवहार परत खरेदीच्या अटीसह तेथे जसाच्या तसा सापडतो. मजल्लाने वफाच्या विक्रीचे वर्णन करताना म्हटले आहे की घेणारा वस्तूचा उपभोग घेऊ शकतो म्हणून ती वैध विक्रीसारखी आहे. कोणीही ती रद्द करू शकतो म्हणून ती सदोष विक्रीसारखी आहे. आणि घेणारा ती तिसऱ्याला विकू शकत नाही म्हणून ती गहाणासारखी आहे. लोकांची गरज पाहून काही फकीहांनी तिला मान्यता दिली. इतरांनी तिला गहाणच मानले आणि धनकोने गहाणाचा फायदा घेणे नाकारले.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत याच व्यवहाराला ‘मुदत खरेदी’ म्हणतात, आणि जमिनी गमावलेल्या कितीतरी घराण्यांना हा शब्द ठाऊक आहे. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 58व्या कलमाने सशर्त विक्रीला गहाणाचाच एक प्रकार मानले आहे. 2012 साली अल्जेरियातील ओरान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात ठराव झाला, त्याचा आशय असा : मालमत्ता रोखीने विकून विक्रेत्याने ती परत मालकी मिळण्याच्या वचनासह भाड्याने घेणे आणि भाडे व किंमत मिळून मूळ रोख रकमेपेक्षा अधिक देणे नाजायज आहे, कारण ही बै-उल-ईनाच, म्हणजे विक्रीच्या आड दिलेले व्याजी कर्ज आहे. बहरीनस्थित लेखामानक संस्था ‘आयोफी’ काहीशी सवलत देते. मध्ये इतका काळ जावा की वस्तूचे स्वरूप किंवा तिची किंमत बदलेल, तर परत खरेदीची व्यवस्था चालू शकते असे तिचे मत आहे. मतभेद मुदतीबद्दल आहे; जोखीम खरोखर बदलली पाहिजे, यावर दोघांचे एकमत आहे.

जोखीम बदलली म्हणजे काय, हे लंडनच्या एका प्रसिद्ध व्यवहारातून कळते. ‘एचएसबीसी’ बँकेने 2007 साली कॅनरी व्हार्फ येथील आपले मुख्यालय ‘मेट्रोवासेसा’ या स्पॅनिश कंपनीला 109 कोटी पौंडांना विकले आणि वर्षाला 4 कोटी 35 लाख पौंड भाड्याने 20 वर्षांसाठी परत घेतले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. 2008च्या अखेरीस बँकेने तीच इमारत 83 कोटी 80 लाखांना विकत घेतली. सुमारे 25 कोटी पौंडांचा फटका स्पॅनिश कंपनीने सोसला. परत खरेदी झाली खरी, पण किंमत आधी बांधलेली नव्हती. घसरण मालकाच्या अंगावर आली. तरी याच व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खरेदीदाराने दिलेल्या रकमेपैकी 81 कोटी पौंड विक्रेत्या बँकेनेच त्याला तात्पुरते कर्ज म्हणून दिले होते, ते नव्या कर्जाने फेडणे त्याला जमले नाही, म्हणूनच इमारत परत गेली. ज्याच्या किमतीचा मोठा भाग विकणाराच व्याजाने पुरवतो, त्या सौद्याला शरीअतच्या दृष्टीने निर्मळ म्हणता येत नाही.

लौकिक हिशेबशास्त्रही अखेर याच ठिकाणी आले आहे. पूर्वी कंपन्या असा व्यवहार करून इमारत व कर्ज दोन्ही ताळेबंदातून नाहीसे करीत आणि नफा मात्र एकदम दाखवीत. भारतात 1 एप्रिल 2019पासून लागू झालेल्या ‘इंड एएस 116’ या मानकानुसार भाड्याची पुढील देणी ताळेबंदात दाखवावी लागतात, आणि इमारतीचा ताबा व हक्क खऱ्या अर्थाने हस्तांतरित झाले नसतील तर मिळालेली रक्कम विक्रीची किंमत न मानता कर्ज मानावी लागते.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. किंमत आणि भाडे बाजारभावाने ठरले आहेत काय, की किंमत गरजेच्या रकमेवरून आणि भाडे व्याजदरावरून काढले आहे? शेजारच्या तशाच इमारतींचे भाडे विचारले की हे उघड होते. दुसरे, आग लागली, पाया खचला, छत कोसळले तर खर्च कोणाचा? रोजची निगा भाडेकरूने ठेवावी. मूळ बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे असावी आणि इमारत वापरण्याजोगी राहिली नाही तर भाडे थांबावे. दुरुस्ती, विमा व कर सारे भाडेकरूवर टाकणारे करार बाजारात सर्रास आढळतात, तेथे मालकाची मालकी नावापुरती उरते. तिसरे, नव्या मालकाला ती इमारत तिसऱ्याला विकण्याची मुभा आहे काय, आणि परत घ्यायची झाल्यास त्या दिवसाच्या भावाने घ्यावी लागेल काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर ती विक्री आहे. न मिळाली तर कागदावर कोणतेही नाव असो, ते कर्ज आहे.

शेवटी जकातीची एक बाब, जी बहुधा विसरली जाते. धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीवर जकात नाही. पण ती विकून आलेली रोकड जकातीच्या मालात मोडते. जकातीच्या तारखेला त्यातील जी रक्कम यंत्रांत वा इतर स्थिर साधनांत न गुंतता शिल्लक असेल, ती हिशेबात धरावी लागेल. भिंतींतून मोकळ्या झालेल्या पैशावर गरिबाचा हक्कही उभा राहतो. वल्लाहु आलम.