‘ऊठ, अबू तुराब!’ – माफीची वाट मोकळी करणारी हाक



सहल बिन सअद (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपली कन्या हजरत फातिमा (रजि.) यांच्या घरी गेले. हजरत अली (रजि.) घरी नव्हते. प्रेषितांनी (स.) विचारले, ‘तुझ्या चुलत्याचा मुलगा कोठे आहे?’ आमच्यात काही बोलाचाली झाली, ते रागावून बाहेर गेले, असे उत्तर मिळाले. शोध घेता हजरत अली मशिदीत निजलेले आढळले. चादर अंगावरून घसरली होती आणि अंगाला माती लागली होती. प्रेषितांनी (स.) ती माती स्वतःच्या हाताने पुसली आणि ‘अबू तुराब’, म्हणजे मातीवाले, अशी लाडकी हाक मारून त्यांना उठवले.

या प्रसंगात काय घडले नाही, तेही पाहावे. चूक कोणाची, हे विचारले गेले नाही. मुलीच्या पित्याने जावयाला जाब विचारला नाही. ‘तुझा पती’ असे न म्हणता नात्याची आठवण देणारा शब्द निवडला गेला. परतण्याची वाट खुली झाली आणि त्या वाटेवर कोणाचीही मान खाली गेली नाही. अपमानाचे चिन्ह ठरू शकणारी मातीच प्रेमाचे नाव बनली. हजरत अलींना याहून प्रिय दुसरे नाव नव्हते, असे सहल (रजि.) सांगतात.

एका भगिनीचा प्रश्न मला आठवतो. पतीने दीर-जावेसमोर म्हटले होते, ‘हिला घर चालवायची अक्कल नाही.’ त्यानंतर आठ दिवस घरात कामापुरतेच बोलणे होते. नवव्या दिवशी पतीने न सांगता तिच्या आवडीची मिठाई आणली. ती सासूसमोर म्हणाली, ‘आधी माफी मागा, मग खाईन.’ पती उठून बाहेर गेला आणि अबोला आणखी लांबला. तिची मागणी रास्त होती. परंतु ज्या माणसाच्या तोंडून ‘चुकलो’ हा शब्द एकांतातही मोठ्या कष्टाने निघतो, त्याच्याकडून तो साक्षीदारांसमोर मागितला गेला. शिवाय त्याने उचललेले पहिले पाऊल पाऊल म्हणून मोजलेच गेले नाही.

सूरह अन्-निसाच्या 128 व्या आयतीत पती-पत्नीमधील समेट उत्तम ठरवताना अल्लाहने मानवी मनात वसलेल्या कंजूषपणाचाही उल्लेख केला आहे. हा कंजूषपणा केवळ पैशाचा नसतो. नमते घेण्याचाही असतो.

मी त्या भगिनीला सुचवले की सर्वजण निजल्यावर सलाम करून बोलणे सुरू करावे. तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरण्यास हदीसमध्ये मनाई आहे आणि दोघांपैकी जो प्रथम सलाम करतो तो श्रेष्ठ म्हटला आहे. म्हणजे प्रथम बोलणे ही हार नव्हे आणि सलाम करणे म्हणजे स्वतःकडे दोष घेणेही नव्हे. नंतर असे म्हणावे : ‘मिठाई आणलीत, तुम्हाला बोलायचे होते हे मला कळले. मी अम्मींसमोर तसे म्हणायला नको होते. पण भावोजींसमोरचे ते वाक्य माझ्या मनात अजून सलते. आज उत्तर द्यावे असे नाही.’ यात एकच घटना आहे. ‘तुम्ही नेहमीच असे’ हा शब्द नाही. स्वतःची चूक कबूल केली आहे, पण स्वतःचे दुःख लपवलेले नाही. आणि समोरच्याला विचारासाठी वेळ दिला आहे.

दोन दिवसांनी पती म्हणाला, ‘त्या दिवशी जरा जास्तच बोललो.’ तिने ‘शेवटी कबूल केलेत ना!’ असा टोमणा मारला नाही. अरबीतील ‘अफ्व’ या शब्दाच्या मुळाशी खूण पुसून टाकण्याचा अर्थ आहे; आपला ‘माफी’ हा शब्द त्याच धातूतला. माफ केल्यावर जुनी खूण पुन्हा उकरू नये.

आता पतींसाठी दोन शब्द. मिठाईने सुरुवात होते, हिशोब पूर्ण होत नाही. तौबाच्या अटींत पश्चात्ताप व चूक सोडणे यांसोबत ज्याचा हक्क दुखावला त्याची भरपाई करणेही येते. अपमान चारचौघांत झाला असेल तर मानही चारचौघांत परत द्यावा लागतो. त्या पतीने पुढच्या जेवणाच्या वेळी भावासमोर म्हटले, ‘हे घर हिच्यामुळे चालते.’ ‘माफ कर’ हे शब्द त्यात नव्हते, तरी हक्क पोहोचला.

मात्र ही नरमाई जुलूम झाकण्यासाठी नाही. मारहाण होत असेल, किंवा तोच अपमान पुन्हा पुन्हा होत असेल, तर पत्नीने गोड शब्द शोधत बसू नये. आपल्या वडीलधाऱ्यांना सांगून आधी सुरक्षित व्हावे. तंटा दोघांच्या आवाक्याबाहेर गेला, तर दोन्ही कुटुंबांतून एकेक पंच नेमण्याची आज्ञा त्याच सूरहच्या 35 व्या आयतीत आहे.

अल्लाह आपल्या जिभांना सत्य बोलण्याचे बळ देवो आणि आपल्या हातांना माती पुसण्याची नरमाई देवो. आमीन.