कोरड्या खडूतलं पाणी

जून उजाडला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात घरोघर सोयाबीनची उगवण तपासतात. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि काही दिवसांनी किती दाण्यांना मोड आले ते मोजायचं. नववीच्या वर्गात ‘द्रव्याचे मोजमाप’ शिकवायला घेतलं तेव्हा मुलांना ही चाचणी आठवत होती, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम भरलं, तर ३० किलोच्या पिशवीत दाणे किती? पिशवी न फोडता उत्तर आलं, अडीच लाख. मग फळ्यावर हातभर लांबीची एक रेघ ओढली आणि विचारलं, हिच्यात किती कण आहेत?

सोयाबीनचे १०० दाणे निदान बोटांनी वेचता येतात. खडूचे १०० कण कोण वेचणार? मोल ही कल्पना इथे हाताशी येते. रसायनशास्त्रज्ञांनी एक पिशवी ठरवून टाकली आहे. पदार्थ कोणताही असो, त्याच्या सूत्रातल्या अणुवस्तुमानांची बेरीज करायची आणि तितके ग्रॅम पदार्थ घ्यायचा, की त्यात कणांची संख्या नेहमी तीच भरते. १८ ग्रॅम पाण्यात जितके रेणू, तितकेच ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये. ती संख्या म्हणजे ६०२२ वर २० शून्यं. अशी शून्यं मुलांच्या डोळ्यांपुढून नुसती निघून जातात. म्हणून मी ‘लीलावती’तला शब्द वापरतो. भास्कराचार्यांनी एकापासून दहा-दहाच्या पटीत नावं देत जो शेवट केला तो परार्धावर, म्हणजे एकावर १७ शून्यं. त्या मापाने एका मोलमध्ये ६० लाख २२ हजार परार्ध कण होतात. परार्ध हाच ‘दाणा’ धरला की पुढचा हिशेब बेरीज-गुणाकाराच्या आवाक्यात येतो.

आता रेघेचं वजन हवं. शाळेच्या तराजूला एक रेघ कळतच नाही. खडू रेघेआधी ठेवा की नंतर, काटा तिथेच. म्हणून एकाऐवजी २० रेघा ओढायच्या ठरवल्या, आणि गावातल्या सराफांना विनंती करून त्यांचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा वापरला. खडूला बोटांचा घाम लागू नये आणि बोटांना खडू लागू नये म्हणून तो कागदाच्या पट्टीत धरला, ने-आण झाकणाच्या डबीतून केली. फळ्याखाली आधी तोलून घेतलेला कागद अंथरला, कारण ओढताना जी भुकटी खाली पडते ती रेघेत नसते. खडू आधी ६.२१४ ग्रॅम होता, २० रेघांनंतर ५.८४६. म्हणजे ३६८ मिलिग्रॅम झिजला. कागदावर २८ मिलिग्रॅम भुकटी सापडली. फळ्यावर उरले ३४०, म्हणजे एका रेघेला १७ मिलिग्रॅम.

इथवर सगळं नीट झालं आणि पुढच्याच पायरीवर मी चुकलो. खडू म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो होतो. त्याचं सूत्रवस्तुमान १००, गणिताला सोयीचं. १०० ग्रॅमला एक मोल, तर १७ मिलिग्रॅमला ०.०००१७ मोल. ६० लाख २२ हजाराने गुणलं की सुमारे १०२४ परार्ध. मुलांनी उत्तर वहीत उतरवून घेतलं. एका मुलीने मात्र विचारलं, “सर, आमच्या रानातली चुनखडी पण कॅल्शिअम कार्बोनेटच ना? मग तिच्यासारखा खडूवर लिंबू पिळला तर फेस येईल का?”

आमच्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे जागोजाग सापडतात. दुसऱ्या दिवशी ती असे दोन खडे घेऊन आली. खड्यावर लिंबू पिळलं, चुरचुर आवाज करत बुडबुडे आले. खडूच्या भुकटीवर पिळलं, काहीच झालं नाही. भुकटी ओली होऊन बसली, एवढंच.

शाळेत मिळणारे बरेचसे खडू प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे असतात. ती भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओततात, थोड्या वेळात कांड्या घट्ट होतात, मग त्या वाळवतात. घट्ट होताना कालवलेलं सगळं पाणी उडून जातं असं वाटतं, पण त्यातलं काही पाणी स्फटिकात कायमचं घर करतं. तयार होतो तो जिप्सम, CaSO₄·2H₂O. कॅल्शिअम ४०, गंधक ३२, सहा ऑक्सिजनचे ९६, चार हायड्रोजनचे ४, बेरीज १७२. याच १७ मिलिग्रॅमला १०० ऐवजी १७२ ने भागलं की रेघेत सुमारे ५९५ परार्ध एककं उरतात. काटा बरोबर होता, गुणाकार बरोबर होता, तरी आधीचं उत्तर जवळजवळ पावणेदोन पट फुगलेलं होतं. सोयाबीनची पिशवी ज्वारीच्या हिशेबाने मोजली तर असंच होईल.

मी इथे ‘रेणू’ न म्हणता ‘एककं’ म्हणतोय, त्याला कारण आहे. जिप्समच्या स्फटिकात कॅल्शिअम सल्फेटचा सुटा रेणू असा नसतोच. धन आणि ऋण आयन एकमेकांना धरून ओळीने बसलेले असतात, आणि आपण त्यातला सूत्राएवढा भाग मोजणीसाठी मनाने वेगळा काढतो. रेणू म्हणून खरोखर ओळखता येतं ते त्यातलं पाणी. प्रत्येक एककामागे दोन रेणू, म्हणजे ५९५ परार्धांना ११९० परार्ध. अणूंची मोजदाद हवी असेल तर एका एककात १२ अणू आहेत, तेव्हा रेघेत सुमारे ७१४० परार्ध अणू. चुनखडीच्या हिशेबाने एककं जास्त आली होती, पण तिच्या एककात अणू पाचच, म्हणून अणू ५१२० परार्धच आले असते. हायड्रोजन इतका हलका की तो गिनतीत भर घालतो, वजनात फारशी नाही.

१७२ ग्रॅममध्ये पाणी ३६ ग्रॅम. हातात कोरडाठाक लागणारा, ओढला की धूळ उडणारा खडू वजनाने पाचवा हिस्सा पाणी आहे. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागरी लावलेल्या मुलांना हे सांगताना मला स्वतःलाच ते खरं वाटेना, म्हणून ते पाणी बाहेर काढून पाहायचं ठरवलं.

परीक्षानळीत २ ग्रॅम भुकटी घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. थोड्याच वेळात नळीच्या वरच्या थंड भागात बारीक थेंब जमले. वर्ग एकदम पुढे सरकला. पण नळी गार करून तोलली तर घट अगदीच किरकोळ. पाणी भुकटीतून निघालं होतं, नळीतून नव्हे. ते गळ्याशीच थेंब होऊन बसलं होतं. मग उघडी, चिनी मातीची मूस घेतली. जोरात तापवायची, झाकणाच्या बरणीत गार करायची, कारण उघड्यावर ती हवेतला ओलावा ओढते, तोलायची, पुन्हा तापवायची. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की सगळं पाणी गेलं असं धरायचं. शुद्ध जिप्सम असता तर २ ग्रॅममधून ०.४२ ग्रॅम कमी व्हायला हवं होतं. आमचं ०.३८ झालं. म्हणजे खडूत जिप्सम साधारण नऊ-दशांश आणि बाकी दुसरी कसलीतरी पांढरी भर. भर काय असेल ते आम्हाला नुसत्या वजनावरून कळणार नव्हतं, पण रेघेचा आकडा मात्र खाली आणावा लागला. ५९५ परार्ध नव्हे, सुमारे ५४०, आणि पाण्याचे रेणू १०८० परार्ध. हवेत उडालेली धूळ आम्ही धरलेली नाही, तेव्हा पाचशे ते साडेपाचशे परार्ध एवढंच म्हणावं. मोलची संख्या २०१९ पासून नेमकी ठरवून दिलेली आहे, तिच्यात रतीभर चूक नाही. आमच्या उत्तरातली सगळी शंका खडूच्या कांडीत होती.

त्या १०८० परार्ध रेणूंचं पाणी किती? जेमतेम सव्वातीन मिलिग्रॅम. फळ्यावरच्या २० रेघांचं मिळून एका थेंबाहून थोडं जास्त.

एक मुलगा मात्र अजून विचारात होता. पुस्तकात त्याने प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं सूत्र पाहिलं होतं, CaSO₄·½H₂O. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास सौम्यपणे तापवला तर दोनातलं दीड पाणी जातं आणि अर्धं राहतं, हे त्याने वाचलेलं. तो म्हणाला, “सर, रेणू अर्धा कसा राहील? अर्धा झाला तर तो पाणीच राहणार नाही की.”

त्याचं म्हणणं खरं होतं. मी फळ्यावर दोन कॅल्शिअम, दोन सल्फेट काढले आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा एक अख्खा रेणू. अर्धा म्हणजे दोघांत एक. तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मोलमध्ये अर्धा लिहिता येतो, पण खडूत अर्धा सापडायचा नाही.” त्याने वहीत सूत्राला दोनाने गुणलं, अपूर्णांक खोडला, आणि खाली लिहिलं: दोन एककं, एक पाणी.