सापडलेली चूक

आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीत एका भगिनीने स्वतःची लघुकथा वाचली. कथा लहान, पण तिने उपस्थित केलेला प्रश्न आम्हांस घरी येईपर्यंत, आणि नंतरही, सोडून गेला नाही.

कथा बेळगावच्या शहापुरातील आहे. सुताच्या एका दुकानदाराने 1988च्या पाडव्याला एका विणकराच्या नावे सहा हजार रुपये उधारी मांडली. व्याज दरमहा दरशेकडा दीड रुपया, म्हणजे वर्षाला अठरा टक्के. दर दिवाळीला हजार रुपये मुद्दल आणि वर्षाचे व्याज फेडायचे असा ठराव होता. 1994च्या दिवाळीत खाते मिटले. पुढे 2008 साली, दुकान बंद करण्यापूर्वी जुन्या वह्या चाळताना दुकानदाराच्या मुलीस त्या खात्यात एक गोष्ट खटकली. बाकी दरवर्षी हजाराने उतरत गेली होती. व्याजाचा आकडा मात्र सहाही वर्षे एक हजार ऐंशीच होता.

पहिल्या वर्षी तो आकडा बरोबर होता. दुसऱ्या वर्षी मुद्दल पाच हजार उरले, तेव्हा व्याज नऊशे व्हावयास हवे होते. शेवटच्या वर्षी तर केवळ एकशे ऐंशी. दिवाणजींनी मागील पान पाहून तोच आकडा उतरवला. एकूण तीन हजार सातशे ऐंशीच्या जागी सहा हजार चारशे ऐंशी रुपये घेतले गेले. जादा दोन हजार सातशे. अशी चूक सहसा सापडत नाही, कारण रोजकीर्दीचा आणि खतावणीचा ताळा अचूक जमतो. जेवढे घेतले तेवढेच जमा झाले होते. बेरीज चुकली नव्हती, न्याय चुकला होता.

वडील म्हणतात, ''दरवर्षी हिशेब वाचून दाखवला, त्याने अंगठा केला.'' पण ज्यास पडताळता येत नाही त्याचा अंगठा ही संमती नव्हे, तो विश्वास होय. आणि विश्वासाने तर आपली जबाबदारी वाढते. कायद्याचाही कल असाच आहे. 1872च्या करार कायद्याचे बहात्तरावे कलम चुकीने मिळालेला पैसा परत करावयास सांगते. 1963च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा प्रकरणी मुदत सुरू होते ती, ज्याचे नुकसान झाले त्यास चूक कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने ती कळू शकली असती तेव्हापासून. आता ती कळलेली होती केवळ मुलीस. विणकराचा हक्क तिच्या मौनाखाली निजला होता.

वडील मग मधली वाट सुचवतात. विणकराच्या नातीचे लग्न ठरले आहे. पाच हजारांचा आहेर करू, वही उघडावयास नको. येथे बैठकीतील पुष्कळांनी मान डोलावली, आणि प्रथम आम्हीही. दिवाणजी वारलेले, वडील थकलेले. पन्नास वर्षांची अब्रू एका पानासाठी पणाला का लावावी? शिवाय मुलीचे शिक्षणही त्याच दुकानावर झालेले.

पण मुलगी म्हणते, ''अण्णा, आहेर घेऊन ते आपले उपकार मानतील. स्वतःच्याच पैशासाठी.'' या एका वाक्याने आमचे मत पालटले. रक्कम परत करणे आणि रक्कम देणे यांत रुपयांचा फरक नसेल, पण नात्याचा आहे. आहेरात दुकानदार दाता ठरतो. हिशेबात तो ऋणको ठरतो. खरे तेवढे दुसरेच आहे. आकडा चुकला तोवर ती चूक होती. सापडल्यावर तो लपवणे ही लबाडी, मग ती कितीही उदार वेष घेऊन येवो.

मुलगी व्याजही मांडते. शेवटच्या हप्त्यापासूनची चौदा वर्षेच धरली, तरी त्याच दराने सहा हजार आठशे चार रुपये होतात. वडील दामदुपटीचा जुना दंडक काढतात : व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये. गरीब ऋणकोच्या रक्षणासाठी झालेला नियम येथे सावकाराच्या कामी येतो, हे लेखिकेने न बोलता दाखवले आहे. मुलगी पूर्ण रक्कम घेऊन, वही काखेत मारून विणकराकडे जाते.

म्हातारा पैसे मोजत नाही. त्या पानावर बोट ठेवून इतकेच विचारतो, ''म्हणजे चौऱ्याण्णव साली माग विकायला लागला नसता, न्हवं?''

कथा येथे संपते. कोणी म्हणाले, मग सांगून काय साधले? उगीच जुनी जखम उघडली. आम्हांस तसे वाटत नाही. माग परत येणार नाही, हे खरे. परंतु इतकी वर्षे तो म्हातारा माग गेला याचा दोष स्वतःच्या नशिबास आणि हातांस देत आला असेल. तो दोष त्याचा नव्हता, हे त्यास कळले. वहीतील ही बाकीही त्याचीच होती, आणि ती आहेराने फिटली नसती.