राबता कुणाशी ठेवायचा?

घरात लग्न ठरलं की पहिला वाद कार्यालयावरून होत नाही, आमंत्रणांच्या यादीवरून होतो. तीनशे पानं उठणार असतात आणि नावं साडेचारशेच्या पुढे गेलेली असतात. मग एकेका नावावर चर्चा सुरू होते. ‘त्यांच्याकडे आपलं जाणंयेणं उरलंय कुठे?’ ‘पण त्यांनी मुंजीला बोलावलं होतं.’ ‘ती येणार नाही, पण बोलावलं नाही तर बोल लागेल.’ माणसांची वर्गवारी करणं हा ज्यांना कोरडेपणा वाटतो, तेही त्या दिवशी अगदी चोख वर्गवारी करतात. फरक इतकाच की ती ताटांसाठी असते. ताटांपेक्षा कितीतरी तुटपुंजा असलेला आपला वेळ मात्र कुणाला द्यायचा, याची यादी कुणी करत नाही. जो आधी फोन करतो त्याला तो मिळतो.

इंग्लंडमध्ये अशा एका यादीचा अभ्यास झाला आहे. मानवशास्त्रज्ञ रसेल हिल आणि रॉबिन डनबार यांनी लोक नाताळची भेटकार्डं कुणाकुणाला पाठवतात हे तपासलं. कार्डाला पैसे पडतात, पत्ता शोधावा लागतो, दोन ओळी लिहाव्या लागतात. म्हणजे ज्याला कार्ड जातं, त्याच्याशी नातं टिकवायची निदान इच्छा तरी असते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात, कार्ड पोचणाऱ्या घरांतली सगळी माणसं धरून सरासरी दीडशेच्या आसपास आली. डनबार यांनी माकडांच्या मेंदूवरून माणसाच्या समूहाचा जो आकडा 1992 मध्ये मांडला होता, तोही हाच.

या दीडशेवर बरेच आक्षेप आहेत. स्टॉकहोमच्या संशोधकांनी 2021 मध्ये तीच आकडेमोड वेगवेगळ्या पद्धतींनी करून दाखवली, तेव्हा उत्तराचा पल्ला इतका रुंद निघाला की एकच आकडा ठामपणे सांगण्यात अर्थ उरला नाही. तेव्हा दीडशे सोडून देऊ. डनबार यांचं दुसरं निरीक्षण मात्र आपल्या कामाचं आहे. माणसं इतरांसाठी जो वेळ काढतात, त्यातला सुमारे 40 टक्के वेळ पाचेक जणांवर जातो आणि पुढच्या दहा जणांवर आणखी 20 टक्के. उरलेल्या सगळ्यांची बोळवण राहिलेल्या वेळात होते.

आणि ही वाटणी सहजी बदलत नाही. यारी सारामाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ब्रिटनमधल्या 24 विद्यार्थ्यांच्या 18 महिन्यांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. ही मुलं शाळा संपवून कॉलेजात किंवा नोकरीत शिरत होती, त्यामुळे त्यांच्या भोवतीची माणसं झपाट्याने बदलत होती. तरीही पहिल्या क्रमांकाच्या माणसाला किती वेळ, दुसऱ्याला किती, तिसऱ्याला किती, हा प्रत्येकाचा स्वतःचा साचा जवळपास तसाच राहिला. जागा त्याच राहिल्या, बसणारे बदलले. याचा सरळ अर्थ असा, की नवं माणूस जवळ आलं की जुनं कुणीतरी मागे सरकतं. आपण वर्गवारी करो वा न करो, हे घडतंच. वर्गवारीने एवढंच साधतं, की कोण मागे जातंय ते आपल्याला वेळेवर दिसतं.

म्हणून वर्गवारीची सुरुवात भावनेपासून करू नये, फोनच्या नोंदीपासून करावी. एक कल्पित पण ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. नाशिकमधली 47 वर्षांची एक बँक अधिकारी. माहेर चिपळूणचं, आई तिथेच. घरातली माणसं सोडून इतरांसाठी तिच्याकडे आठवड्याला जेमतेम पाच तास निघतात. फोनमध्ये हजारभर क्रमांक आहेत. त्यातले गॅसवाला, प्लंबर, सोसायटीचा मॅनेजर, एकदाच बोलणं झालेले ग्राहक वगळले तर तीनशेच्या आसपास खरी माणसं उरतात. त्या प्रत्येक नावापुढे तिने दोनच गोष्टी लिहायच्या: शेवटचं बोलणं कधी झालं आणि ते कुणी सुरू केलं. ग्रुपवरचे वाढदिवसाचे केक आणि सुप्रभातचे गुलाब धरायचे नाहीत. तीनशे जणांना एकाच बोटाने पाठवलेल्या शुभेच्छा म्हणजे संपर्क नव्हे.

दोन रविवारांत ही यादी होते आणि ती आपल्याला काही अवघड गोष्टी दाखवते. जिला ही अधिकारी ‘माझी सगळ्यात जवळची मैत्रीण’ म्हणते, तिच्याशी चौदा महिन्यांत बोलणं झालेलं नसतं. उलट, बदली होऊन गेलेली एक जुनी सहकारी आठवड्यातून चार वेळा फोन करते आणि दर वेळी पाऊण तास जुन्या शाखेतल्या राजकारणावर बोलते. म्हणजे पाचातले तीन तास तिथेच संपतात. तिला तोडायचं कारण नाही. पण हे तीन तास आपण ठरवून दिलेले नाहीत, हे कागदावर आल्याशिवाय ध्यानातही येत नाही.

आता हिशोब. यादीचे तीन गट करू: जवळची माणसं, राबत्यातली आणि सुप्त. जवळची माणसं सहा धरली आणि प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास दिला, तर तीन तास झाले. उरलेल्या दोन तासांत वीस-वीस मिनिटांची सहा बोलणी बसतात. त्यातलं एक बाजूला ठेवू, ते कशासाठी हे पुढे येईल. राहिली पाच. मार्चअखेर, दिवाळी, लग्नसराई यांचे चार आठवडे वजा केले तर वर्षाची बोलणी 240. राबता म्हणावा तर वर्षातून चारदा तरी बोलणं हवं, म्हणजे राबत्यातली माणसं साठ. पहिल्या झटक्यात तिने या गटात 140 नावं घातलेली असतात. तेवढ्यांना हा वेळ वाटला तर एकेकाची पाळी सात महिन्यांनी येईल आणि कुणाशीच धागा राहणार नाही. राबत्याच्या गटाचा आकार आपल्या मनाच्या मोठेपणावरून ठरत नाही, अशा भागाकारावरून ठरतो. उरलेली नावं सुप्त गटात जातात.

राबत्याच्या गटात एक फसगत हमखास होते. ऑफिसमधली माणसं रोज भेटतात म्हणून ती आपोआप ‘चालू’ वाटतात. पण ती भेट आपण घडवलेली नसते, हजेरीपटाने घडवलेली असते. अशा नावापुढे एक प्रश्न लिहावा: उद्या बदली झाली तर दोघांतला कुणी फोन करेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या माणसाला यादीतली जागा लागत नाही.

दुसरी अडचण नातेवाइकांची. डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नात्यांचा दीड वर्ष माग घेतला, तेव्हा असं दिसलं की भेटणं-बोलणं कमी झालं की मैत्री लवकर विरते, नातेवाईक मात्र टिकून राहतात. म्हणजे वेळ कमी असेल तर चुलतभावाचा फोन एकवेळ लांबला तरी चालेल, मित्राचा लांबवू नये. मुलींची मैत्री बोलण्याने टिकत होती, मुलांची मात्र एकत्र काही केल्याने. तेव्हा ज्या मित्राबरोबर आपण गड चढलो किंवा नाटकं केली, त्याच्यासाठी वर्षाचे चार फोन पुरणार नाहीत, एक सकाळ काढावी लागेल.

पण या नियमाला एक अपवाद मी आग्रहाने करीन. चिपळूणची 84 वर्षांची मावशी स्वतःहून फोन करत नाही, म्हणून नोंदीप्रमाणे ती सुप्त गटात पडते. नातं टिकेल हे खरं, मावशी किती दिवस असेल हे सांगता येत नाही. ज्यांच्याकडेच वेळ थोडा उरला आहे, त्यांची नावं वेगळ्या शाईने लिहावीत आणि नोंद काहीही सांगो, त्यांना वरच्या गटात ठेवावं.

राहिला सुप्त गट. बहुतेक लोक त्याला अडगळ समजतात किंवा त्याच्याकडे पाहून अपराधी होतात. दोन्ही चूक. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांना सांगितलं, की किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या ओळखीच्या माणसांना हातातल्या कामाबद्दल सल्ला विचारा. त्या माणसांकडून मिळालेला सल्ला रोजच्या वर्तुळातल्या सल्ल्याहून कमी ठरला नाही, त्यात नवेपणा अधिक होता. मधल्या काळात ती माणसं वेगळ्या ठिकाणी वावरली, वेगळं शिकली, आणि जुना विश्वास मात्र शिल्लक होता. थोडक्यात, चांगलं नातं काही वर्षं शांत राहिलं म्हणून मरत नाही. ते सुप्त आहे असं मान्य केलं की दर दिवाळीला वाटणारी ‘कधीपासून बोलायचंय’ ही टोचणी संपते.

अडतं ते हाक मारण्यापाशी. लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी 2024 मध्ये दाखवलं, की जुन्या मित्राचा क्रमांक हाताशी आहे, संदेश लिहूनही झाला आहे, तरी तो प्रत्यक्ष पाठवणारे एक तृतीयांशाहून कमीच असतात. आपल्याकडे या संकोचाला आणखी एक कारण आहे. दहा वर्षांनी फोन आला की समोरचा आधी मनात म्हणतो, ‘विमा की उसने पैसे?’ आणि पुष्कळदा त्याचं बरोबर असतं. म्हणून पहिल्या संदेशात काही मागू नये. ‘ओळखलंस का?’ असं विचारून समोरच्याची परीक्षाही घेऊ नये. आपलं नाव, जुनी ओळख कुठली आणि आज आठवण का झाली, एवढं दोन ओळींत लिहावं. उत्तर आलं तर छान, नाही आलं तर पुन्हा टोकू नये. आठवड्यातलं बाजूला ठेवलेलं ते सहावं बोलणं यासाठी होतं. असे वर्षाला पन्नासेक जण होतात, त्यातले दोन-तीन राबत्यात आले तरी पुरे. मात्र तेवढे दोन-तीन राबत्यातून कमी करावे लागतील.

हे सगळं वाचून ‘माणसांचा असा हिशोब करायचा का?’ असं वाटणं साहजिक आहे. हिशोब कशाचा, यावर उत्तर अवलंबून आहे. कोण उपयोगाचा आणि कोण नाही, अशी यादी केली तर ती खरोखरच हीन गोष्ट होईल आणि समोरच्याला तिचा वास आल्याशिवाय राहणार नाही. इथे मोजली ती माणसाची किंमत नव्हे, दोन बोलण्यांमधलं अंतर. त्यातही यादी कायमची नसते. पाडव्याला आणि दसऱ्याला ती पुन्हा उघडावी, नावं वरखाली करावीत. आजारी पडलेला मित्र सहा महिने वर येईल, परदेशी गेलेला खाली जाईल, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत आपणही खाली गेलेले असू.

यादी न करणारा माणूस सगळ्यांशी सारखा वागतो असं नाही. तो हट्टाने फोन करणाऱ्यांना वेळ देतो आणि गप्प बसणाऱ्यांना विसरतो. आपल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली माणसं बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात. तेव्हा या रविवारी तासभर काढा, फोनची नोंद उघडा आणि जवळची म्हणवणारी सहा नावं घेऊन त्यांच्यापुढे शेवटच्या बोलण्याची तारीख लिहा. ज्या नावापुढे तारीख आठवत नसेल, पहिला फोन तिथे करा.