मूल नको, हे सांगताना

नवरा-बायकोतले बहुतेक मतभेद वाटून घेता येतात. घर कुठे घ्यायचे, कोणाच्या आईवडिलांना कधी आणायचे, पगारातले किती शिल्लक टाकायचे, या सगळ्यांत थोडे तुझे, थोडे माझे असे करून संसार पुढे जातो. मूल व्हावे की नाही, या प्रश्नात मात्र अर्धे काहीच नसते, आणि तडजोडीची सवय लागलेल्या जोडप्यांची इथेच फसगत होते. मधला मार्ग सापडत नाही म्हणून ती काळाचाच मधला मार्ग करतात. ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणून विषय बाजूला पडतो आणि दोघांनाही वाटते की अजून काहीच ठरलेले नाही. माझे म्हणणे असे की बऱ्याच वेळा ते ठरलेले असते. एकाला ते ठाऊक असते आणि दुसऱ्याला नसते. ज्याच्या मनात ‘नको’ पक्के होत आले आहे, त्याने ते जोडीदाराला सांगणे ही केवळ स्वभावातल्या मोकळेपणाची बाब नाही. त्या व्यक्तीवरची ती जबाबदारी आहे.

या जबाबदारीचे कारण नकाराच्या ताकदीत आहे. मॅथियास डोप्के आणि फाबियान किंडरमन या अर्थशास्त्रज्ञांनी बहुतांशी युरोपातल्या १९ देशांतल्या जोडप्यांची माहिती तपासून २०१९ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मूल हवे का, हे दोघांना वेगवेगळे विचारलेले होते, आणि काही ठिकाणी पुढे खरोखर मूल झाले का, हेही पाहिलेले होते. दोघांनाही हवे असेल तरच मूल होण्याची शक्यता लक्षणीय असते, आणि एकाचा जरी नकार असला तरी ती फार खाली येते, असे त्यात दिसले. म्हणजे मतभेद असताना व्यवहारात ‘नको’ म्हणणाऱ्याचेच होते. आपल्याकडे घरच्यांचा दबाव जास्त असल्याने हे चित्र जसेच्या तसे लागू होणार नाही. तरीही गर्भनिरोधन हाताशी असलेल्या शहरी, कमावत्या जोडप्यात नकाराचे वजन असेच असते. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. आणि ते योग्यच आहे, कारण शरीर तिचे आहे. पण ज्याच्या हाती एकट्याने थांबवण्याची ताकद आहे, त्याने ती वापरत असल्याचे दुसऱ्याला कळू न देणे अन्यायाचे ठरते. दुसरा त्या काळात वाट पाहत असतो, आणि ही वाट फुकट नसते. स्त्रीची गर्भधारणेची क्षमता पस्तिशीच्या आसपास वेगाने उतरू लागते. पुरुषाची उतरण त्यामानाने संथ असते. म्हणून मनातला नकार दाबून ‘बघू’ म्हणत राहणारा नवरा बायकोची जी वर्षे खर्च करतो, ती तिला परत मिळण्यासारखी नसतात. बायकोच्या मौनाने नवऱ्याचे होणारे नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे, पण तेही नुकसानच.

एक जोडपे कल्पनेने समोर ठेवू. पुण्यातले, दोघेही नोकरदार, ती ३४ वर्षांची, तो ३६चा. लग्नाला पाच वर्षे झाली. पहिल्या वर्षी ‘आधी जरा स्थिरस्थावर होऊ’ असे ठरले, मग फ्लॅटचे हप्ते सुरू झाले, मग तिची बढती आली. दर गणपतीत सासूबाई ‘गोड बातमी कधी?’ असे विचारतात आणि दोघे हसून वेळ मारून नेतात. त्याच्या हिशेबी ही कारणे खरी आहेत आणि ती संपली की मूल होणार आहे. तिला मात्र गेल्या दीड वर्षात उमगले आहे की कारणे संपली तरी तिला मूल नको आहे. आता तिने हे कसे सांगावे? गणपतीत सासरी असताना नाही, भांडणाच्या भरात नाही, रात्री तो जवळ आला असतानाही नाही, कारण तिथे उच्चारलेला नकार त्याला स्वतःचाच नकार वाटेल. दोघांना दोन तास मोकळे असतील अशा दिवशी तिने सरळ म्हणावे, ‘मुलाबद्दल मी आजवर बघू म्हणत आले, पण आता मला मूल नको असं वाटतंय. तुला हवं आहे हे मला माहीत आहे. आज काही ठरवायचं नाही. पण तुला हे ठाऊक नसताना आपण पुढची वर्षं काढू नयेत.’ यात तिने तीन गोष्टी केल्या आहेत. स्वतःचे मत आहे तेवढ्याच खात्रीने सांगितले आहे, त्याची इच्छा नाकारलेली नाही, आणि लगेच उत्तर मागितलेले नाही. बहुतेकदा चूक होते ती खात्रीच्या बाबतीत. पूर्ण नको असताना ‘सध्या नको’ म्हटले तर समोरचा वाट पाहत राहतो. नुसता गोंधळ असताना ‘कधीच नको’ म्हटले तर पुढे मागे फिरणे हरल्यासारखे वाटते. माहीत नसेल तर माहीत नाही असेच सांगावे, पण किती दिवसांत विचार करून सांगणार तेही त्याच बैठकीत बोलावे.

दुसऱ्या बैठकीत त्याने बोलावे आणि तिने खोडून न काढता ऐकावे. खरे काम इथे सुरू होते, कारण ‘हवे’ आणि ‘नको’ या दोन्हींच्या पोटात बरेच काही दडलेले असते. तिचा नकार मुलालाच आहे, की मूल आल्यावर जो दिनक्रम तिच्या वाट्याला येईल त्याला? हा भेद काल्पनिक नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. प्रसूतीची पगारी रजा २०१७पासून २६ आठवड्यांची आहे, पण खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसाचीही रजा मिळत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मिळते ती १५ दिवसांची. वर सांगितलेल्या अभ्यासातही, जिथे पुरुष मुलांचे करण्यात कमी हात लावतात तिथे आणखी मुलाला नकार देणाऱ्या स्त्रिया जास्त आढळल्या. तेव्हा तिने स्वतःलाच विचारावे, की रात्री उठणे, डॉक्टरकडे नेणे, शाळेतून फोन आल्यावर ऑफिस सोडून धावणे हे सारे निम्मे त्याने खरोखर उचलले, तर माझे उत्तर बदलेल का? बदलणार असेल तर वाद मुलाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे, आणि ती वाटणी मुलाआधी, आजच्या स्वयंपाकघरात सहा महिने करून पाहता येते. उत्तर बदलणार नसेल, तर तिने ही अट पुढे करू नये. तो अट पूर्ण करील आणि ती तरीही नाहीच म्हणेल, याच्याइतका विश्वासाचा घात दुसरा नाही. त्यानेही तसेच स्वतःचे ‘हवे’ तपासावे. लहान मुलाचा सहवास हवा आहे, की म्हातारपणी एकटे पडण्याची भीती आहे, की नातेवाइकांच्या प्रश्नांनी तो थकला आहे? पहिल्या इच्छेला पर्याय नाही. इतर दोन्हींवर मात्र मुलाशिवायही उपाय निघू शकतात.

बोलणे चालू असेपर्यंत गर्भनिरोधनाचे काय, हे उघडपणे ठरलेच पाहिजे. आपल्या समाजात हा भार जवळजवळ सगळा बाईवर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती आणि नवऱ्याच्या नसबंदीवर विसंबलेल्या फक्त ०.३ टक्के होत्या. त्यामुळे गुपचूप काही करण्याची संधीही तिलाच जास्त असते, गोळ्या लपून घेण्याची किंवा लपून थांबवण्याची. पण कंडोमबद्दल हयगय करून ‘एकदा दिवस राहिले की ती मान्य करेल’ असा हिशेब मांडणारा नवराही तितकाच दोषी. समर घोष विरुद्ध जया घोष या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मानसिक क्रूरतेची जी उदाहरणे दिली, त्यांत वैद्यकीय कारणाशिवाय आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय किंवा नकळत केलेली नसबंदी आहे, आणि लग्नानंतर मूल न होऊ देण्याचा एकतर्फी निर्णयही आहे. हे वाचून काही जण म्हणतील, की मग नकार बोलून दाखवणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे झाले. मला तसे वाटत नाही. न्यायालयाने ही उदाहरणे वानगीदाखल दिली होती, साचा म्हणून नाही. आणि निर्णय एकतर्फी ठरतो तो दुसऱ्याला त्यात जागाच ठेवली नाही म्हणून. मत सांगून चर्चेला बसणारी व्यक्ती ती जागा देत असते.

सर्वांत जुना आक्षेप असा, की हे लग्नाआधीच बोलायला हवे होते. बोलायला हवेच. पण पाहण्याच्या कार्यक्रमात नोकरी, पगार आणि पत्रिका यांच्या गर्दीत दिलेले ‘हो, मुले आवडतात’ हे उत्तर पस्तिशीत बदलू शकते, आणि बदलले म्हणून आधीचे खोटे ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एकदा मूल झाले की माया लागतेच. बहुतेकांच्या बाबतीत हे खरे असावे, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याने त्याची शक्यता प्रामाणिकपणे मनात धरावी. पण ते सगळ्यांच्या बाबतीत खरे नाही. इस्राएलमधल्या समाजशास्त्रज्ञ ओर्ना डोनाथ यांनी २०१५ साली २३ स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. आई झाल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्या स्त्रिया सांगत होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे मुलांवर प्रेमही होते. तेवीस जणींवरून प्रमाण सांगता येत नाही, पण माया लागणे म्हणजे सगळे निभावणे नव्हे, एवढे नक्की कळते. आणि आशा चुकली तर त्याची झळ त्या मुलाला लागते, ज्याला या चर्चेत बोलता आलेले नाही. तिसरा आक्षेप, हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी स्वतःला मूल न होऊ देण्याचे ठरवले होते. मराठी घरात हा विषय निघून शंभर वर्षे उलटून गेली.

घरच्यांबद्दल एकच पथ्य महत्त्वाचे वाटते. दोघांचे ठरेपर्यंत दोन्हीकडच्या आईवडिलांपर्यंत मतभेद जाऊ नये, आणि ठरल्यावर जे सांगायचे ते त्याच्या आईला त्याने आणि तिच्या आईला तिने सांगावे, तेही ‘आम्ही ठरवलंय’ अशा शब्दांत. ‘माझी तयारी होती, पण ती नको म्हणते’ असे आईकडे बोलून जाणारा नवरा चर्चेतून बाहेर पडतो आणि बायकोला पूर्ण कुटुंबासमोर एकटी उभी करतो.

आणि सहमती झालीच नाही तर? या चर्चेला शेवटची तारीख हवी ती यासाठी. वरच्या जोडप्यासाठी सहा महिने ते एक वर्ष हा काळ मला रास्त वाटतो. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे एक वर्षाचे वेगळे राहणे आणि सर्वसाधारणपणे आणखी सहा महिने लागतात; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकते. चर्चेचे वर्ष आणि हा दीड वर्षाचा काळ मिळून धरला तर दुसरे आयुष्य उभारायला पुरुष अडतीस-एकोणचाळीसचा असताना मोकळा होतो. भूमिका उलट असत्या, म्हणजे मूल तिला हवे असते, तर ती तोवर छत्तीस-सदतीसची झाली असती. म्हणून तिथे ही तारीख आणखी अलीकडे आणावी लागेल. काही जण मात्र मुलाची इच्छा सोडून जोडीदाराबरोबर राहणे निवडतील, आणि तो निर्णयही पूर्ण सन्मानाचा आहे. पण त्यांचे दुःख त्या दिवशी संपत नाही. मित्राच्या घरी बारसे असते, भावाला मुलगी होते, आणि ते वर येते. ज्याच्या नकारासाठी हे सोडले गेले, त्याने तेव्हा ‘हे तर आपण ठरवलं होतं ना’ असे म्हणू नये. शेजारी बसावे आणि ऐकून घ्यावे.